कमी दिवसांचं बाळ आणि वाढीचा तक्ता: दुरुस्त वय कसं धरायचं, कधी सोडायचं

अंगणवाडीत, लसीकरणाच्या रांगेत किंवा घरी कार्ड उघडून बसल्यावर एक प्रश्न सतत येतो: बाळ सहा महिन्यांचं झालं, पण तक्त्यावर ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडतोय, मग वरचं दूध सुरू करायचं का? अर्ध्या वेळा उत्तर दुधात नसतं, ठिपका चुकीच्या जागी पडलेला असतो. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असतं आणि वय मात्र जन्मतारखेपासून मोजलेलं असतं. ते ज्या दिवशी यायला हवं होतं त्या दिवसापासून मोजलेलं वय म्हणजे दुरुस्त वय.

हा लेख आईवडील, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर यांच्यासाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच मुलगी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. ती काल्पनिक आहे, पण तिचे आकडे रोज दिसतात तसेच आहेत. जन्म ६ जानेवारी २०२५, गर्भवय ३० आठवडे २ दिवस, जन्मवजन १२०० ग्रॅम.

## १. कागद समोर घ्या आणि गर्भवय पक्कं करा

पेन उचलण्याआधी डिस्चार्ज कार्ड आणि गरोदरपणातली पहिली सोनोग्राफी शोधा. जन्माच्या वेळी किती आठवडे आणि किती दिवस पूर्ण झाले होते, एवढंच आपल्याला हवं आहे. 'सातव्या महिन्यात झालं' हे उत्तर चालत नाही. कुणाचा सातवा महिना २७ आठवड्यांचा असतो, कुणाचा ३१. त्या चार आठवड्यांनी पुढचा सगळा हिशोब फिरतो.

गर्भवय ठरवण्याचे मार्ग भरवशाच्या क्रमाने असे. आयव्हीएफचं बाळ असेल तर गर्भ सोडल्याची तारीख सगळ्यात पक्की. त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. तिच्यात साधारण पाच ते सात दिवसांचा फरक पडू शकतो. मग शेवटच्या पाळीची तारीख, पण बाईला ती नेमकी आठवत असेल आणि पाळी नियमित असेल तरच. 'संक्रांतीच्या आसपास आली होती' या आठवणीवर दोन महिन्यांच्या बाळाचा ठिपका ठरवू नका. यातलं काहीच नसेल तर जन्मानंतर बाळाची त्वचा, तळपाय, कान, हातापायांचा ताठपणा बघून काढलेला बॅलार्ड स्कोअर डिस्चार्ज कार्डावर असतो. तो वापरा, मात्र त्यात दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात हे शेजारी लिहून ठेवा.

सावध: सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर छापलेली प्रसूतीची तारीख घेऊ नका. त्या वेळी मशीन बाळाच्या मापावरून वय काढतं. पोटातच वाढ खुंटलेलं बाळ त्यामुळे 'कमी आठवड्यांचं' दिसतं. मग आपण त्याला जास्त दुरुस्ती देतो आणि त्याचं बारीकपण झाकून टाकतो.

तपासा: गर्भवय ३७ आठवडे किंवा जास्त असेल तर इथेच थांबा. ते बाळ पूर्ण दिवसांचं आहे, वजन कितीही कमी असलं तरी. जन्मवजन १८०० ग्रॅम आहे म्हणून दुरुस्त वय धरायचं नसतं. दुरुस्ती आठवड्यांची होते, वजनाची नाही.

## २. वजाबाकी एकदाच करा, तारीख कार्डावर लिहा

दुरुस्तीचा कालावधी म्हणजे ४० आठवड्यांतून गर्भवय वजा. आपल्या मुलीचं:

४० आठवडे ० दिवस − ३० आठवडे २ दिवस = ९ आठवडे ५ दिवस, म्हणजे ६८ दिवस.

हे ६८ दिवस जन्मतारखेत मिळवा. ६ जानेवारीपासून ६८ दिवस पुढे म्हणजे १५ मार्च २०२५. ही तिची मुदतीची तारीख. ती ज्या दिवशी यायला हवी होती तो दिवस.

पुढे दर भेटीला वजाबाकी करत बसू नका. कार्डाच्या पहिल्या पानावर जन्मतारखेच्या खाली ठळक लिहा: 'तक्त्यासाठी वय १५ मार्च २०२५ पासून.' मग दुरुस्त वय काढणं म्हणजे त्या तारखेपासून महिने मोजणं, एवढंच उरतं. माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका दर वेळच्या तोंडी वजाबाकीत होतात. ही एक ओळ लिहिली की त्या जवळजवळ थांबतात.

त्या तोंडी हिशोबातल्या नेहमीच्या चुका दोन. पहिली म्हणजे ४० ऐवजी ३७ मधून वजा करणं, कारण '३७ ला पूर्ण दिवस' हे डोक्यात पक्कं असतं. पण तक्त्यावरचं शून्य हे साधारण ४० आठवड्यांचं बाळ आहे. दुसरी म्हणजे चार आठवड्यांचा महिना धरणं. दहा आठवडे म्हणजे अडीच महिने नव्हेत, सव्वादोन महिन्यांहून थोडे जास्त. तारखेवरून मोजलं की हा घोळच राहत नाही.

सावध: ही तारीख फक्त तक्त्यासाठी आहे. लसी ६ जानेवारीपासूनच मोजायच्या. ज्या अॅपमध्ये किंवा रजिस्टरमध्ये फक्त जन्मतारखेचाच रकाना असतो, तिथे 'ठिपका नीट पडावा' म्हणून कुणी कुणी १५ मार्च भरतात. तसं करू नका. सगळ्या लसी दोन महिने पुढे ढकलल्या जातात, आणि डांग्या खोकल्यासारख्या आजारात या बाळांना सगळ्यात जास्त धोका असतो. खरी जन्मतारीख भरा, आणि अॅपने दाखवलेल्या रंगाकडे ते वय दुरुस्त न करता काढलंय हे लक्षात ठेवून बघा.

## ३. मोजमाप नीट घ्या

वय अचूक काढून माप चुकीचं घेतलं तर सगळी मेहनत वाया. लहान बाळाच्या बाबतीत २०० ग्रॅमचा लंगोट-स्वेटरही ठिपका एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर नेतो.

वजन उघड्या बाळाचं, काटा शून्यावर आणून. थंडीमुळे उघडं करता येत नसेल तर दुपटं आधी वजन करून वजा करा. लांबी इन्फंटोमीटरवर, दोघांनी मिळून: एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ दाबून तळपायाला सरकती फळी लावायची. एकट्याने टेपने घेतलेली लांबी लिहूच नका, ती नंतर दिशाभूल करते. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वर आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून, तीनदा घेऊन सगळ्यात मोठा आकडा.

## ४. मुदतीच्या तारखेपर्यंत: वेगळा तक्ता, वेगळं वय

१५ मार्चच्या आधी आपल्या मुलीचं दुरुस्त वय उणे आहे. अंगणवाडीच्या कार्डावरच्या तक्त्यात उणे वयाला जागा नाही, आणि शून्यावर ठिपका देणं चूक. या काळासाठी मुदतपूर्व बाळांचे तक्ते असतात. फेंटन २०१३ हा २२ ते ५० आठवड्यांचा, आणि इंटरग्रोथ-२१ चा जन्मानंतरच्या वाढीचा तक्ता २७ ते ६४ आठवड्यांचा. दोन्हींत मुलगा-मुलगी वेगळे. रुग्णालय जो वापरतं तोच पुढे चालवा.

इथे आडव्या रेषेवर दुरुस्त वय नसतं, तर गर्भवय अधिक जन्मानंतरचे आठवडे असतात. १० फेब्रुवारीला मुलगी पूर्ण पाच आठवड्यांची झाली. ३० आठवडे २ दिवस + ५ आठवडे = ३५ आठवडे २ दिवस. फेंटन २०१३ वर नेमकं वय धरतात, म्हणून ठिपका ३५ च्या उभ्या रेषेवर न देता ३५ आणि ३६ च्या मधे, ३५ ला लागून. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या तक्त्यावर नियम उलटा आहे.

सावध: याच तक्त्यावर पुन्हा दुरुस्ती करू नका. 'दुरुस्त वय धरायचं' एवढंच ऐकलेलं असतं आणि ३५ आठवड्यांतून परत दुरुस्तीचे आठवडे वजा होतात. या तक्त्यात दुरुस्ती आधीच बसवलेली आहे.

या काळात घरच्यांना एक धक्का बसतो. १२०० ग्रॅमची मुलगी जन्माच्या दिवशी १० व्या आणि ५० व्या शतमक रेषांच्या, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत खालून दहाव्या आणि पन्नासाव्या बाळाच्या वजनाच्या रेषांच्या, मधे होती, आणि दोन आठवड्यांनी बघावं तर खाली. पहिल्या दिवसांत अंगातलं पाणी कमी होतं, वजन उतरतं आणि जन्मवजनावर परत यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात पोटातलं बाळ मात्र वाढतच असतं आणि तक्त्याची रेष पुढे निघून जाते. म्हणून जन्माच्या ठिपक्याशी तुलना करून घाबरू नका. वजन परत मिळाल्यानंतर ठिपके रेषेला समांतर जातात का, ते बघा.

## ५. ४० आठवड्यांनंतर: कार्डावरचा तक्ता

माता व बाल संरक्षण कार्डावर जो तक्ता आहे तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरचा. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. हिरवा पट्टा ठीक, पिवळा म्हणजे उणे २ रेषेच्या खाली, नारिंगी म्हणजे उणे ३ च्या खाली. १५ मार्चपासून आपण यावर येतो आणि १५ मार्च म्हणजे शून्य.

४० ते ५० आठवड्यांच्या काळात फेंटन आणि हा तक्ता दोन्ही उपलब्ध असतात. घरी कार्ड वापरत असाल तर ४० ला बदला. बाळ अजून एनआयसीयूच्या फॉलो-अपला असेल आणि तिथे फेंटन चालू असेल तर ५० पर्यंत तो चालू द्या. काहीही करा, पण दोन तक्त्यांवरचे ठिपके एकमेकांशी ताडून 'रेष ओलांडली' म्हणू नका. दोन्ही तक्ते वेगळ्या बाळांवरून बनलेले आहेत, रेषा तंतोतंत जुळत नाहीत.

आता भेट २० जुलै २०२५ ची. वजन ५.५ किलो, लांबी ६० सें.मी.

जन्मतारखेवरून वय: ६ महिने १४ दिवस. १५ मार्चपासून: ४ महिने ५ दिवस. या तक्त्यावर पूर्ण झालेले महिने धरतात आणि ठिपका उभ्या रेषेवरच देतात, मधे नाही. म्हणजे ४ च्या रेषेवर.

चार महिन्यांच्या मुलींची उणे २ रेष ५.० किलोवर आणि उणे १ रेष ५.७ वर आहे. आपली मुलगी ५.५ वर, हिरव्या पट्ट्यात. तोच ठिपका सहाच्या रेषेवर दिला असता तर तिथे उणे २ रेष ५.७ किलोवर आहे, आणि मुलगी पिवळ्यात गेली असती. लांबीचंही तसंच. चार महिन्यांना ६० सें.मी. म्हणजे उणे १ च्या आसपास. सहा महिन्यांना उणे २ रेष ६१.२ वर, म्हणजे 'खुजी' असा शिक्का.

शंका असेल तर एक पडताळा आहे, तोही वयाशिवाय: लांबीनुसार वजन. या तक्त्यात वय लागतच नाही, त्यामुळे दुरुस्त धरा वा न धरा, उत्तर एकच येतं. ६० सें.मी. लांबीच्या मुलीचं मधलं वजन ५.९ किलो, उणे १ वर ५.४. आपली ५.५ ची मुलगी तिच्या लांबीला साजेशी आहे. वयानुसार वजन 'कमी' आणि लांबीनुसार वजन ठीक, असं दिसलं की आधी वय कसं मोजलं ते बघा, मग आहाराकडे वळा. हा तक्ता ४५ सें.मी. पासून सुरू होतो, त्याहून लहान बाळाला लागू होत नाही.

सावध: पिवळा ठिपका बघून घाईने वरचं दूध किंवा साखर-तूप वाढवणं, हे चुकीच्या तक्त्याचं सगळ्यात महाग फळ. आईचं दूध कमी होतं आणि बाळाला गरज नसलेली चरबी चढते.

थोडेच दिवस कमी असलेल्या बाळांना हे लागू नाही असं समजू नका. ३५ आठवड्यांना जन्मलेला मुलगा दोन महिन्यांचा झाला, वजन ४.१ किलो. दोन महिन्यांच्या मुलांची उणे २ रेष ४.३ वर, म्हणजे पिवळा. दुरुस्त वय जेमतेम पावणेचार आठवडे, आणि तिथे तो मधल्या रेषेच्या आसपास. पहिल्या सहा महिन्यांत बाळ इतक्या वेगाने वाढतं की पाच आठवड्यांचा फरकही मोठा ठरतो.

## ६. डोक्याचा घेर दुरुस्त वयावरच, आणि जास्त काळजीने

वजन न दुरुस्त करता मांडलं तर बाळ कमी दिसतं, घरचे घाबरतात आणि डॉक्टरकडे जातात. डोक्याच्या बाबतीत उलटं होतं, म्हणून ही चूक जास्त घातक.

फार लवकर जन्मलेल्या काही बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होतो आणि नंतर पाणी साठून डोकं वेगाने वाढायला लागतं. दुरुस्त वयावर तो ठिपका वरच्या रेषा ओलांडताना स्पष्ट दिसतो. तोच घेर जन्मतारखेच्या वयावर, म्हणजे दोन-तीन महिने पुढे मांडला, तर मधल्या रेषेजवळ पडतो आणि 'छान, डोकं भरतंय' असं वाटून जातं.

तपासा: दोन भेटींमध्ये घेर एकापेक्षा जास्त रेषा वर गेला, टाळू फुगलेली वाटली, बाळ चिडचिडं झालं किंवा उलट्या होत असतील तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. डोक्याची सोनोग्राफी त्याच आठवड्यात.

## ७. रेष जोडताना

सगळे ठिपके एकाच वयाने पडलेले असतील तरच जोडा. अंगणवाडीत जन्मतारखेने दिलेला ठिपका आणि दवाखान्यात दुरुस्त वयाने दिलेला ठिपका एकाच रेघेत आले की कार्डावर करवतीचे दात दिसतात: एका महिन्यात खाली, पुढच्यात वर. अशा कार्डावर जुने ठिपके न खोडता नव्या रंगाने सगळे पुन्हा मांडा. वजनं आणि तारखा हाताशी असतात, पंधरा मिनिटांचं काम.

एक गोष्ट दुरुस्त वयाने सुटत नाही. पोटातच बारीक राहिलेलं बाळ, म्हणजे स्वतःच्या आठवड्यांच्या मानानेही कमी वजनाचं, दुरुस्त वयावरही खालीच राहील. तिथे पट्ट्याचा रंग बघून फारसं कळत नाही, रेघेची दिशा बघा. उणे २ च्या खाली पण समांतर वर जाणारी रेघ मला चालते. हिरव्यात असूनही दर भेटीला एक पायरी उतरणारी रेघ चालत नाही. आणि 'कमी दिवसांचं आहे, असं होणारच' हे उत्तर दुरुस्ती करून झाल्यावर कधीच देऊ नका. ते कारण आपण आधीच वजा केलेलं आहे.

## ८. दुरुस्ती कधी सोडायची

इथे लोक दोन टोकांना असतात. काही जण पहिल्या वाढदिवसाला सोडून देतात, काही पाच वर्षांच्या मुलालाही 'कमी दिवसांचा आहे ना' म्हणून सूट देत राहतात.

साधारण प्रथा अशी: दोन वर्षांपर्यंत दुरुस्ती. ब्रिटनमध्ये ३२ ते ३६ आठवड्यांच्या बाळांना एक वर्ष आणि ३२ च्या आतल्यांना दोन वर्षं, असा भेद करतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत तिन्ही मापांना वेगळी मुदत सापडते: डोक्याला १८ महिने, वजनाला २४, लांबीला ४०. आकडे वेगळे दिसले तरी कारण एकच आहे. वय वाढतं तशी दरमहा वाढ मंदावते आणि त्याच वेळी तक्त्याच्या रेषा एकमेकींपासून लांब जातात. त्यामुळे तेवढ्याच आठवड्यांच्या फरकाने ठिपका कमी-कमी सरकतो. डोक्याची वाढ सगळ्यात आधी मंदावते, उंचीची सगळ्यात शेवटी.

म्हणून मी तारखेबरोबर एक चाचणीही लावतो. ठरलेली भेट आली की त्याच वजन-उंचीचे दोन ठिपके द्या: दुरुस्त वयाचा गोल, जन्मतारखेच्या वयाचा फुलीचा. दोन्ही एकाच पट्ट्यात आणि जवळजवळ असले तर दुरुस्ती सोडा. ३५ आठवड्यांच्या बाळात हे अनेकदा पहिल्या वाढदिवसालाच दिसतं. मुलाचं मधलं वजन ११ महिन्यांना ९.४ आणि १२ ला ९.६ किलो, फरक अवघा २०० ग्रॅम. पण २५ आठवड्यांच्या बाळाला दोन वर्षांनीही साडेतीन महिन्यांची दुरुस्ती असते. तेवढ्यात उंचीची मधली रेष जवळपास तीन सें.मी. वर जाते. अशा मुलांची उंची मी तीन वर्षांपर्यंत दुरुस्त वयावर बघतो.

'दोन वर्षं' कुठली, जन्मतारखेची की दुरुस्त, हाही वाद होतो. आपल्या मुलीची जन्मतारखेने ६ जानेवारी २०२७, दुरुस्त वयाने १५ मार्च २०२७. मी दुरुस्त दोन वर्षं धरतो, कारण विकासाची मोठी तपासणी बहुधा त्याच सुमारास होते. दुसरी तारीख धरली तरी चुकत नाही. फक्त एका बाळाला एक आणि दुसऱ्याला दुसरी, असं नको.

सावध: याच सुमारास तक्त्यात आणखी एक बदल असतो. दोन वर्षांच्या आत झोपवून लांबी, त्यानंतर उभं करून उंची. उभी उंची सरासरी ०.७ सें.मी. कमी भरते आणि तक्त्यातही तेवढी पायरी आहे. दुरुस्त वय दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत झोपवूनच मोजा आणि शून्य ते दोनचाच तक्ता वापरा. उभं करून घेतलेली उंची लांबीच्या तक्त्यावर मांडलीत तर आधी ०.७ मिळवा.

## ९. सोडण्याच्या दिवशी काय लिहायचं

२० मार्च २०२७. मुलगी दुरुस्त वयाने पूर्ण २४ महिन्यांची, जन्मतारखेने पूर्ण २६. वजन ९.३ किलो, उभी उंची ८०.३ सें.मी.

| | दुरुस्त वय, २४ महिने | जन्मतारखेचं वय, २६ महिने |
|---|---|---|
| वजनाची उणे २ रेष | ९.० किलो | ९.४ किलो |
| ९.३ किलो कुठे | वर, हिरव्यात | किंचित खाली, पिवळ्यात |
| उंचीची उणे २ रेष | ७९.३ सें.मी. | ८०.८ सें.मी. |
| ८०.३ सें.मी. कुठे | वर | खाली |

सकाळी हिरवी असलेली मुलगी आपल्या एका रेघेने पिवळी झाली. काठावरच्या मुलांमध्ये हे होणारच. अशा वेळी दोन गोष्टी नकोत: दुरुस्ती आणखी लांबवून पिवळा रंग टाळणं, किंवा मुलगी अचानक कुपोषित झाली असं घरी सांगणं. वजनाची दुरुस्ती सोडा. उंचीचे दोन ठिपके जवळपास अर्धी पायरी लांब आहेत. मुलगी ३० आठवड्यांची आहे, म्हणून उंचीचे दोन्ही ठिपके आणखी काही भेटी देत राहा आणि कल बघा.

तक्त्यावर उभी तुटक रेघ मारा आणि शेजारी लिहा: 'इथपर्यंत दुरुस्त वय, यापुढे वजन जन्मतारखेने.' तारीख आणि सही. रेघेच्या डावीकडचे ठिपके उजवीकडच्यांना जोडू नका. हे लिहिलं नाही तर पुढच्या भेटीला वेगळी सिस्टर असते, तिला फक्त घसरण दिसते आणि तपासण्यांची चिठ्ठी निघते.

पुढची भेट तीन महिन्यांनी, २० जूनला. तेव्हा मुलगी जन्मतारखेने २९ महिन्यांची असेल आणि उणे २ रेष ९.८ किलोवर. वजन ९.९ भरलं तर ती रेषेच्या वर आली आणि मार्चचा पिवळा हा दुरुस्ती सोडल्याचा परिणाम होता. ९.५ भरलं तर रेषेपासूनचं अंतर १०० ग्रॅमवरून ३०० वर गेलं. ही घसरण खरी आहे. आता आहार, रक्तातलं लोह, वारंवार होणारे आजार, सगळं बघायचं, आणि ती कमी दिवसांची होती हे त्या यादीत लिहायचं नाही.